सीरम भरपूर पॉझिटिव्ह, तरी टेस्ट निगेटिव्ह: प्रोझोनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या छोट्या लॅबमधले तंत्रज्ञ, डीएमएलटीची मुलं-मुली, पशुवैद्यक आणि हातात रिपोर्ट घेऊन गोंधळलेली माणसं हे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात. शक्य तिथे जनावरांतून माणसात येणाऱ्या ब्रुसेला या जिवाणूच्या ट्यूब टेस्टचंच उदाहरण घेतलं आहे. साक्री-शिरपूरकडचे मेंढपाळ असोत की सातपुड्याच्या पायथ्याशी घरोघरी शेळ्या पाळणारी कुटुंबं, आपल्या भागात जनावरांशी रोजचा संबंध असलेली माणसं खूप आहेत. त्यांच्या लांबलेल्या तापात ही टेस्ट लागते आणि प्रोझोन, म्हणजे अँटिबॉडी जास्त असल्यामुळे येणारी खोटी निगेटिव्ह, तिथेच सगळ्यात जास्त फसवतो.

१. अ‍ॅग्लुटिनेशन आणि प्रेसिपिटेशन यांत नेमका फरक काय?

दोन्हींत अँटिबॉडी अँटिजेनला पकडते. फरक अँटिजेन कोणत्या रूपात आहे यात आहे. अँटिजेन एखाद्या कणावर बसलेलं असेल, म्हणजे जिवाणूवर, तांबड्या पेशीवर किंवा लॅटेक्सच्या मण्यावर, तर ते कण एकमेकांना चिकटून डोळ्यांना दिसणाऱ्या गुठळ्या होतात. हे अ‍ॅग्लुटिनेशन. अँटिजेन पाण्यात विरघळलेलं असेल तर आधी काहीच दिसत नाही. मग द्रावण गढूळ होतं आणि पांढरट साका खाली बसतो. हे प्रेसिपिटेशन.

अ‍ॅग्लुटिनेशनला अँटिबॉडी कमी पुरते, कारण एक अख्खा जिवाणू दुसऱ्याला जोडायला मोजके पूलही चालतात. प्रेसिपिटेशनमध्ये सुट्या रेणूंचं मोठं जाळं विणावं लागतं, त्यामुळे तिथे दोघांचं प्रमाण जास्त काटेकोर लागतं. सिफिलिससाठीची व्हीडीआरएल या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येते. तिच्यातल्या बारीक तरंगत्या कणांना फ्लॉक्युलेशन म्हणतात आणि पुस्तकं तिला प्रेसिपिटेशनच्या घरात बसवतात. ब्रुसेला, विडाल, लॅटेक्सवरची सीआरपी आणि रक्तगट या सगळ्या अ‍ॅग्लुटिनेशनच्या टेस्ट.

२. अँटिबॉडी जास्त असेल तर गुठळी जास्त व्हायला हवी. उलट का होतं?

कारण गुठळी अँटिबॉडीने होत नाही, अँटिबॉडीच्या *पुलाने* होते. आयजीजीच्या एका रेणूला पकडायच्या दोन जागा असतात. एक जागा एका जिवाणूवर आणि दुसरी शेजारच्या जिवाणूवर बसली तरच दोघं बांधले जातात. बैलजोडीच्या जूसारखं हे आहे: जू एकच, माना दोन.

आता अँटिबॉडी अफाट झाली असं समजा. प्रत्येक जिवाणूच्या पृष्ठभागावरच्या सगळ्या जागांवर वेगवेगळ्या अँटिबॉडी येऊन बसतात. त्यांचं एक टोक अडकलेलं, दुसरं मोकळं, पण त्या मोकळ्या टोकाला शेजारच्या जिवाणूवर रिकामी जागाच मिळत नाही. तिथेही आधीच दुसऱ्या अँटिबॉडीने ठाण मांडलेलं असतं. सगळे जिवाणू अँटिबॉडीने लडबडलेले, पण सुटेच. ट्यूब गढूळच राहते आणि निगेटिव्ह वाचली जाते. अँटिबॉडी जास्त असल्यामुळे आलेल्या या खोट्या निगेटिव्हला प्रोझोन म्हणतात.

आयजीएमला अशा दहा जागा असतात, म्हणून ती गुठळ्या करण्यात आयजीजीपेक्षा कितीतरी तरबेज आहे. पण प्रमाण बिघडलं की तिचाही उपयोग होत नाही.

३. अँटिबॉडी एक्सेस, इक्विव्हॅलन्स आणि अँटिजेन एक्सेस हे झोन कसे ओळखले गेले?

१९३० च्या दशकात मायकेल हायडेलबर्गर आणि फॉरेस्ट केंडल यांनी हे मोजून दाखवलं. त्यांनी न्यूमोकोकसच्या पॉलिसॅकराइडवर काम केलं. प्रयोगाची रचना साधी आहे. एका रांगेत ट्यूबा मांडायच्या, प्रत्येकीत तेवढीच अँटिबॉडी घालायची, आणि अँटिजेन मात्र पहिल्या ट्यूबेत थोडं, पुढे वाढत वाढत. बसलेला साका वेगळा करून मोजायचा. साका आधी वाढतो, शिखराला जातो आणि मग अँटिजेन वाढूनही कमी होत होत जवळजवळ नाहीसा होतो.

मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती वरच्या स्वच्छ पाण्याची तपासणी. साका खाली बसल्यावर वरचं पाणी दोन भागांत घ्या. एका भागात ताजं अँटिजेन टाका, दुसऱ्यात ताजी अँटिबॉडी. पहिला भाग गढूळ झाला तर अँटिबॉडी उरली होती, म्हणजे ती ट्यूब अँटिबॉडी एक्सेसमध्ये. दुसरा गढूळ झाला तर अँटिजेन उरलं होतं, म्हणजे अँटिजेन एक्सेस. दोन्ही स्वच्छ राहिले तर काहीच उरलं नव्हतं. तो इक्विव्हॅलन्स, आणि सगळ्यात जास्त साका त्याच्याच आसपास मिळतो.

अँटिजेन एक्सेसमध्ये प्रत्येक अँटिबॉडीच्या दोन्ही टोकांना वेगवेगळं अँटिजेन मिळतं आणि तिथेच साखळी संपते. दोन-तीन रेणूंचे छोटे गट तयार होतात, ते विरघळलेलेच राहतात, साका होत नाही. या टोकाच्या खोट्या निगेटिव्हला पोस्टझोन म्हणतात. या सगळ्यामागची जाळीची कल्पना जॉन मॅरॅक यांनी १९३४ मध्ये मांडली.

४. पुस्तकातल्या आलेखात प्रोझोन डावीकडे आहे. आमच्या ट्यूबांच्या रांगेत तो कुठे येतो?

तुमच्याही रांगेत पहिल्या ट्यूबांतच येतो, पण कारण वेगळं आहे आणि परीक्षेत मुलं इथेच अडखळतात. हायडेलबर्गरच्या रांगेत अँटिबॉडी ठरलेली आणि अँटिजेन वाढतं. ब्रुसेला किंवा विडालच्या रांगेत उलट: प्रत्येक ट्यूबेत अँटिजेन ठरलेलं आणि रुग्णाचं सीरम पातळ होत जातं. दोन्हीकडे पहिल्या ट्यूबेत अँटिजेनच्या मानाने अँटिबॉडी सगळ्यात जास्त, म्हणून प्रोझोन दोन्हीकडे डावीकडेच.

रांगेच्या दुसऱ्या टोकाला मात्र सारखेपणा शोधू नका. ट्यूब टेस्टच्या शेवटच्या ट्यूबा निगेटिव्ह होतात तेव्हा आपण त्याला पोस्टझोन म्हणत बसत नाही. तिथे अँटिबॉडी इतकी कमी उरलेली असते की पूलच बांधले जात नाहीत, आणि ते अपेक्षितच आहे. टायटर, म्हणजे सीरम ज्या शेवटच्या प्रमाणापर्यंत पॉझिटिव्ह राहतं तो आकडा, ठरतो तो तिथूनच.

५. ब्रुसेलाची ट्यूब टेस्ट लावायची तर किती ट्यूबा घ्यायच्या? चार पुरतात का?

ओळीने पहिल्या चारच लावल्या तर पुरत नाहीत. माणसाच्या सीरमसाठी आठ ट्यूबा आणि वर कंट्रोल, ही रचना मला योग्य वाटते.

पहिल्या ट्यूबेत ०.९ मिली फिनॉल सलाईन (०.५ टक्के फिनॉल असलेलं), बाकी सात ट्यूबांत ०.५ मिली. पहिल्या ट्यूबेत ०.१ मिली सीरम घालून नीट मिसळा, १:१० झालं. त्यातलं ०.५ मिली दुसऱ्या ट्यूबेत, मिसळा, तिथून ०.५ मिली तिसऱ्यात, असं आठव्यापर्यंत. आठव्या ट्यूबेतलं ०.५ मिली टाकून द्या. आता प्रत्येक ट्यूबेत ०.५ मिली आहे. सगळ्यांत ०.५ मिली ब्रुसेला अँटिजेन घाला. अंतिम प्रमाण १:२० पासून १:२५६० पर्यंत येतं. मग ३७ अंशांवर इनक्युबेटरमध्ये साधारण २० ते २४ तास.

कंट्रोल दोन ठेवा. एका ट्यूबेत ०.५ मिली सलाईन आणि ०.५ मिली अँटिजेन. ही पूर्ण गढूळ राहिली पाहिजे. दुसरीत ०.७५ मिली सलाईन आणि ०.२५ मिली अँटिजेन. अर्धं अ‍ॅग्लुटिनेशन झाल्यावर वरचं पाणी किती स्वच्छ दिसेल, याचा हा नमुना. याच्याशी ताडून शेवटची पॉझिटिव्ह ट्यूब ठरवायची.

खर्च वाचवायला काही ठिकाणी १:२०, १:४० आणि १:८० एवढ्याच ट्यूबा लावतात आणि त्या निगेटिव्ह आल्या की थांबतात. नेमक्या त्याच ट्यूबा प्रोझोनच्या आहेत. पैसे वाचवायचे असतील तर मधल्या ट्यूबा गाळा, १:२० नंतर थेट १:८०, १:३२० आणि १:१२८० लावा. रांग लांब असली पाहिजे, दाट नसली तरी चालेल. काही पॉझिटिव्ह दिसलं की पूर्ण रांग लावून टायटर काढता येतो.

६. प्रत्यक्ष प्रोझोन झालेली रांग कशी दिसते? एखादं उदाहरण सांगा.

उदाहरण म्हणून असा रुग्ण धरा: तिशीतला मेंढपाळ, तीन आठवड्यांपासून संध्याकाळी चढणारा ताप, रात्री अंथरूण ओलं होईल इतका घाम, कंबर धरलेली. कळपातल्या दोन मेंढ्यांनी गाभ टाकला होता आणि त्याने हातानेच ती सगळी साफसफाई केली होती. विडाल किरकोळ पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइडची औषधं झाली, फरक नाही. ब्रुसेलाची तीन ट्यूबांची टेस्ट झाली, रिपोर्ट निगेटिव्ह.

आता त्याच सीरमची आठ ट्यूबांची रांग लावली. १:२० आणि १:४० पूर्ण गढूळ, कंट्रोलसारख्याच. १:८० मध्ये पाणी किंचित उतरलेलं आणि प्रकाशासमोर धरली की रव्यासारखे कण. १:१६०, १:३२० आणि १:६४० मध्ये वरचं पाणी स्वच्छ. १:१२८० अर्ध्या कंट्रोलएवढी. १:२५६० पुन्हा गढूळ. टायटर १:१२८०.

हिशोब करून पाहिला की कारण उलगडतं. १:२० च्या ट्यूबेत मुळात ५० मायक्रोलिटर सीरम आहे. १:१६० मध्ये जेमतेम सहा मायक्रोलिटर आणि १:१२८० मध्ये एकाहूनही कमी. अँटिजेन मात्र तिन्हींत तेवढंच. या माणसाच्या रक्तात इतकी अँटिबॉडी आहे की ५० मायक्रोलिटरमध्ये जिवाणूंच्या सगळ्या जागा भरून जातात. सहा मायक्रोलिटरला प्रमाण जुळतं आणि जाळी विणली जाते. तीन ट्यूबांची टेस्ट करणाऱ्याने चुकीचं काही वाचलं नव्हतं. तो फक्त लवकर थांबला.

वाचताना ट्यूब हलवू नका. आधी वरचं पाणी पाहा, मग तळ. पॉझिटिव्ह ट्यूबेच्या तळाला पसरट, कडा फाटक्या अशी चादर बसते, आणि ट्यूब हलकेच टिचकीने हलवली तर तिचे पापुद्रे उठतात, लगेच विरत नाहीत. निगेटिव्ह ट्यूबेत तळाशी काही बसलं असलं तरी ते गोल, घट्ट बटणासारखं असतं आणि हलवल्यावर धुरासारखं वर येऊन एकसारखं मिसळून जातं.

७. म्हणजे प्रोझोन म्हणजे फक्त अँटिबॉडीचं प्रमाण जास्त, एवढंच?

प्रेसिपिटेशनमध्ये बहुतेक तसंच. अ‍ॅग्लुटिनेशनमध्ये, आणि ब्रुसेलात तर खासच, आणखी एक गोष्ट असते: ब्लॉकिंग अँटिबॉडी. या अँटिबॉडी जिवाणूला चिकटतात पण दोन जिवाणू बांधू शकत नाहीत. आयजीए आणि काही आयजीजी असं वागतात. जागा अडवून बसतात आणि काम करणाऱ्या अँटिबॉडीला येऊ देत नाहीत. आजार जुना झाला की यांचं प्रमाण वाढत जातं.

व्यवहारात दोन्ही कारणं एकाच सीरममध्ये मिसळलेली असतात आणि पहिल्या ट्यूबा पाहून ती वेगळी करता येत नाहीत. पातळ केल्यावर बऱ्याचदा दोन्हींचा प्रभाव उतरतो, म्हणून पहिला उपाय एकच राहतो. पण नेहमी नाही. त्यासाठी पुढचा प्रश्न पाहा.

८. १:२५६० पर्यंत पातळ केलं, तरी सगळ्या ट्यूबा निगेटिव्ह. आता ब्रुसेला नाही असं लिहू का?

ताप काही महिन्यांपासून असेल, सांधे किंवा कणा दुखत असेल आणि जनावरांशी संबंध असेल, तर लिहू नका. ब्लॉकिंग अँटिबॉडी जास्त असतील तर पूर्ण रांग निगेटिव्ह येऊ शकते. अशा वेळी कूम्ब्सची पद्धत वापरतात. रांगेतल्या ट्यूबांमधले जिवाणू सलाईनने धुऊन मोकळी अँटिबॉडी काढून टाकायची आणि मग मानवी अँटिबॉडीविरुद्धचं सीरम घालायचं. जिवाणूंवर गप्प बसलेल्या ब्लॉकिंग अँटिबॉडींना हे सीरम एकमेकींशी बांधतं आणि जे दिसत नव्हतं ते दिसतं. ही सोय छोट्या लॅबमध्ये नसते. सीरम मोठ्या केंद्राला पाठवा, किंवा एलायझा आणि रक्ताचं कल्चर सुचवा.

आणखी एक कारण लक्षात असू द्या. नेहमीचं अँटिजेन ब्रुसेला अबॉर्टसचं असतं. ते मेलिटेन्सिस आणि सुईसच्या अँटिबॉडीही पकडतं, पण कुत्र्यांमधल्या ब्रुसेला कॅनिसच्या नाही. तिथे कितीही पातळ करून उपयोग नाही.

९. आमच्याकडे फक्त रोझ बेंगॉलची स्लाइड आहे. तिच्यात प्रोझोन होतो का?

होऊ शकतो, पण क्वचित. रोझ बेंगॉलचं अँटिजेन आम्लात, साधारण ३.६५ पीएचला ठेवलेलं असतं. त्या आम्लात आयजीजीसुद्धा चांगल्या गुठळ्या करते, त्यामुळे ब्लॉकिंगचा त्रास बराच कमी होतो. ३० मायक्रोलिटर सीरम, तेवढंच अँटिजेन, चार मिनिटं हलवायचं आणि लगेच वाचायचं.

स्लाइड पॉझिटिव्ह आणि ट्यूबेच्या पहिल्या दोन-तीन पायऱ्या निगेटिव्ह, ही जोडी दिसली की माझ्या डोक्यात पहिला संशय प्रोझोनचाच येतो. अशा वेळी "स्लाइड खोटी असेल" म्हणून सोडू नका, रांग लांबवा.

मेंढ्या-शेळ्यांच्या बाबतीत मात्र उलट अडचण असते. त्यांच्या सीरममध्ये अँटिबॉडी कमी असल्याने नेहमीच्या प्रमाणात टेस्ट चुकू शकते. म्हणून त्यांच्यासाठी ७५ मायक्रोलिटर सीरमला २५ मायक्रोलिटर अँटिजेन असं तीनास एक प्रमाण वापरतात. जास्त सीरमने टेस्ट *सुधारते* हे वाचून गोंधळू नका. प्रमाण इक्विव्हॅलन्सच्या कोणत्या बाजूला पडलंय, त्यावर कोणत्या दिशेला सरकायचं ते ठरतं.

१०. गरोदर बाईची व्हीडीआरएल निगेटिव्ह आली, तरी बाळात सिफिलिसची लक्षणं. प्रोझोन असू शकतो का?

असू शकतो, आणि म्हणूनच हा प्रश्न गंभीर आहे. सिफिलिसच्या दुय्यम अवस्थेत, अंगावर पुरळ असताना, अँटिबॉडी सगळ्यात जास्त असतात. शंभरात एखाद-दोन जणांत न पातळ केलेली व्हीडीआरएल किंवा आरपीआर निगेटिव्ह येते. एचआयव्ही सोबत असेल किंवा गरोदरपण असेल तर जास्त जपावं लागतं.

स्लाइड नीट पाहणाऱ्याला इशारा मिळतो. पूर्ण निगेटिव्ह सीरममध्ये अँटिजेनचे कण एकसारखे पसरलेले दिसतात. प्रोझोनच्या सीरममध्ये कण जरा खरबरीत, विस्कटल्यासारखे दिसतात, पण स्पष्ट गुठळ्या नसतात. असं काही दिसलं की त्याच दिवशी सलाईनमध्ये दुप्पट-दुप्पट पातळ करत रांग लावा. गरोदर बाईच्या बाबतीत पुरळ, तळहात-तळपायावरचे डाग, आधीचा गर्भपात किंवा मृत बाळ असं काही असेल, तर स्लाइड स्वच्छ दिसली तरी १:१६ वर एकदा टेस्ट करायला हवी असं माझं ठाम मत आहे. एका थेंबाचं काम आहे. डॉक्टरांनी मागणीच्या कागदावर "प्रोझोन तपासा" लिहिलं तर लॅबचं काम सोपं होतं.

टीपीएचए किंवा रॅपिड ट्रेपोनेमल टेस्ट सोबत केली की तिचा निकाल व्हीडीआरएलशी जुळतो का, हेही कळतं. रॅपिड पॉझिटिव्ह आणि व्हीडीआरएल निगेटिव्ह असेल तर जुना, उपचार झालेला आजार असू शकतो, अगदी सुरुवातीचा आजार असू शकतो, किंवा प्रोझोन. पातळ करणं हाच निवाडा करायचा पहिला मार्ग.

११. सीआरपीची स्लाइड निगेटिव्ह, पण रुग्ण स्पष्टपणे आजारी. हाही प्रोझोन का?

किटच्या कागदावर बऱ्याचदा प्रोझोनच लिहिलेलं असतं, पण नीट पाहिलं तर हे दुसरं टोक आहे. सीआरपीच्या लॅटेक्सवर अँटिबॉडी बसवलेली असते आणि रुग्णाच्या सीरममधून येतं ते अँटिजेन, म्हणजे सीआरपी. सीआरपी अफाट वाढली की होतो तो अँटिजेन एक्सेस. एएसओच्या लॅटेक्सवर उलट असतं: मण्यावर स्ट्रेप्टोलायसिन हे अँटिजेन, आणि सीरममधून येते अँटिबॉडी. तिथे होतो तो खरा प्रोझोन.

कुठलीही टेस्ट हातात घेतली की आधी एवढंच विचारा: मण्यावर काय आहे आणि रुग्णाकडून काय येतंय? उत्तर मिळालं की झोन आपोआप कळतो. उपाय दोन्हीकडे सारखाच, सीरम पातळ करणं. किटची मर्यादा लिटरला ६ मिलिग्रॅम असेल आणि १:१६ पर्यंत पॉझिटिव्ह आली, तर सीआरपी साधारण १६ गुणिले ६, म्हणजे ९६ मिलिग्रॅम.

१२. घरच्या प्रेग्नन्सी स्ट्रिपवरही असंच होतं असं ऐकलं. खरं का?

होतं, फार क्वचित. स्ट्रिपमध्ये जाळी विणली जात नाही, तरी तत्त्व अँटिजेन एक्सेसचंच आहे. एचसीजी दोन अँटिबॉडींच्या मध्ये अडकलं तरच रेघ उमटते. एचसीजी प्रचंड असेल तर दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळ्या रेणूंनी भरून जातात आणि मधला पूल होत नाही. याला हुक इफेक्ट म्हणतात. द्राक्षगर्भासारख्या स्थितीत हे दिसतं. पाळी चुकलेली, उलट्या खूप, पोट वाढलेलं आणि स्ट्रिप निगेटिव्ह असेल तर डॉक्टरकडे जा, सोनोग्राफी करा. लॅबमध्ये लघवी पातळ करून पुन्हा तपासता येते.

१३. ताप येऊन चारच दिवस झाले आणि टेस्ट निगेटिव्ह. हा प्रोझोन समजू का?

नाही. पहिल्या आठवड्यात अँटिबॉडी तयारच झालेली नसते, आणि नसलेली अँटिबॉडी पातळ करून सापडत नाही. दोन आठवड्यांनी दुसरं सीरम घ्या आणि चौपट वाढ आहे का पाहा.

इथे एक सापळा आहे. पहिल्या सीरमचा टायटर १:८० आला आणि दुसऱ्याच्या वेळी फक्त १:१६० पर्यंतच रांग लावली, तर दुसरं प्रोझोनमध्ये जाऊन निगेटिव्ह दिसू शकतं. मग "टायटर उतरला, रुग्ण बरा होतोय" असा नेमका उलटा अर्थ निघतो. म्हणून पहिलं सीरम गोठवून ठेवा आणि दोन्ही एकाच दिवशी, एकाच अँटिजेनने, पूर्ण रांगेत लावा. प्रश्न ५ मधली आठ ट्यूबांची रांग इथे सोडू नये.

१४. मे महिन्यात आमच्या लॅबमध्ये टेस्ट वेड्यासारख्या वागतात. याचा प्रोझोनशी संबंध आहे का?

प्रोझोनशी नाही, पण प्रोझोन समजून लोक वेळ घालवतात म्हणून इथे घेतलं. जळगाव-भुसावळकडे दुपारी पारा ४५ च्या आसपास जातो. व्हीडीआरएल २३ ते २९ अंशांच्या खोलीत करायची असते. गरम खोलीत स्लाइडच्या कडा वाळतात, कण कडेला जमतात आणि खोटी गुठळी दिसते. प्रोझोन खोटी निगेटिव्ह देतो, वाळलेली कड खोटी पॉझिटिव्ह. दिशाच उलटी आहे, हे लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

दुसरं, साधा इनक्युबेटर फक्त गरम करतो, थंड करत नाही. खोलीच ४१-४२ अंशांवर असेल तर त्याच्या आतलं तापमान ३७ वर राहू शकत नाही. आत थर्मामीटर ठेवून पाहा आणि उन्हाळ्यात रांग संध्याकाळी, एसी असलेल्या खोलीत लावा. वीज गेल्यावर लोक अँटिजेन बर्फाला टेकवून ठेवतात आणि ते गोठतं. गोठलेलं अँटिजेन आपोआप गुठळ्या करतं. मग सीरम नसलेली कंट्रोल ट्यूबही स्वच्छ होते आणि ती रांग फेकून द्यावी लागते.

१५. प्रोझोन सापडला तर रिपोर्टवर काय लिहायचं?

फक्त "पॉझिटिव्ह" लिहू नका, आणि पहिल्या ट्यूबा निगेटिव्ह होत्या हेही लपवू नका. पुढच्या वेळी हाच रुग्ण दुसऱ्या लॅबमध्ये गेला तर तिथल्या माणसाला कळायला हवं की याचं सीरम पातळ केल्याशिवाय वाचायचं नाही. प्रश्न ६ मधल्या रुग्णासाठी मी असं लिहीन: "ब्रुसेला ट्यूब अ‍ॅग्लुटिनेशन टेस्ट, तपासलेली पातळी १:२० ते १:२५६०. टायटर १:१२८०. १:२० आणि १:४० मध्ये प्रोझोनमुळे अ‍ॅग्लुटिनेशन दिसले नाही. पाठपुराव्याच्या तपासणीत पूर्ण रांग लावावी." आणि टेस्ट निगेटिव्ह असेल तेव्हाही कुठपर्यंत पातळ केलं होतं ते लिहा, म्हणजे डॉक्टरांना त्या निगेटिव्हवर किती विसंबायचं ते ठरवता येईल.